क्लार्कच्या चॅटमधून क्षेत्रीय कार्यालयाला जाणारी टिपणी: एटीएमच्या तक्रारीचं उदाहरण

शाखेतून क्षेत्रीय कार्यालयाला जाणाऱ्या बऱ्याच टिपण्या 'कृपया वस्तुस्थिती व कागदपत्रांसह पुन्हा पाठवा' असा शेरा घेऊन परत येतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे क्लार्कने व्हॉट्सॲपवर जे लिहिलं तेच थोडं सभ्य करून पुढे पाठवलं जातं. चॅट हा निरोप असतो. टिपणी वाचणाऱ्याने शाखा पाहिलेली नसते, ग्राहक पाहिलेला नसतो, आणि तरीही सही करून निर्णय त्यालाच घ्यायचा असतो.

इथे एकच प्रकार घेतो, कारण इंदूरच्या आमच्या शाखांतून तो वारंवार येतो: एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले, आणि कार्ड सेलने 'व्यवहार यशस्वी' म्हणून दावा फेटाळला. ग्राहक आपल्याच बँकेचा, मशीन शाखेच्या दारातलंच, त्यात रोकड भरणारेही शाखेचेच दोघे जॉइंट कस्टोडियन. प्रसंग, तारखा आणि आकडे नमुन्यासाठी रचलेले आहेत.

मध्य प्रदेश राजभाषेच्या 'क' क्षेत्रात असल्यामुळे टिपणी शेवटी हिंदीतच जाईल. मांडणी पक्की झाली की भाषांतराला फार वेळ लागत नाही, म्हणून इथे सगळं मराठीतच करू.

मूळ चॅट

राजवाड्याजवळच्या शाखेतली क्लार्क 18 मार्चला संध्याकाळी मॅनेजर मॅडमना लिहिते:

> मॅडम, ते एटीएमवाले आजोबा आज परत आले. मुलगा पण सोबत होता, आवाज चढवून बोलत होता, सगळी लाइन बघत होती.
> त्यांचे दहा हजार निघालेच नाहीत म्हणतात. होळीच्या आधीची गोष्ट. मी तेव्हाच कंप्लेंट टाकली होती, कार्ड सेलने सक्सेसफुल म्हणून रिजेक्ट केली.
> पण त्या वेळी मशीनमध्ये कॅश जास्त आली होती ना? मला वाटतं तेच पैसे आहेत.
> सीसीटीव्हीत पण दिसतंय, काहीच नाही आलं.
> आजोबा साधे आहेत, खोटं बोलतील असं वाटत नाही. मुलगा लोकपालकडे जातो म्हणाला.
> काहीतरी करा ना मॅडम, उद्या गेर आहे, परवा परत येतील ते.

चॅट चांगलं आहे. महत्त्वाचं सगळं त्यात आहे आणि क्लार्कला ग्राहकाची काळजीही आहे. पण यातलं एकही वाक्य आहे तसं टिपणीत जाऊ शकत नाही.

टप्पा 1: लिहायला बसण्याआधी पाच कागद समोर ठेवा

पहिली चूक इथेच होते. चॅट उघडून थेट टाइप करायला घेतलं की चॅटमधल्या त्रुटी टिपणीत उतरतात. त्याआधी हे गोळा करा:

1. ग्राहकाची लेखी तक्रार आणि तक्रार नोंदवल्याचा क्रमांक व तारीख.
2. खात्याचा उतारा, ज्यात ती डेबिट नोंद आणि तिचा आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक दिसतो.
3. मशीनचा ईजे लॉग, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली व्यवहारांची नोंद, त्या व्यवहाराच्या थोडा आधीपासून थोडा नंतरपर्यंत.
4. त्या कालावधीचा एटीएम कॅश बॅलन्सिंग रिपोर्ट, दोन्ही कस्टोडियनच्या सह्यांचा.
5. कार्ड सेलने दावा फेटाळल्याचा मेल किंवा सिस्टिममधला शेरा.

सीसीटीव्ही हा सहावा कागद नव्हे, पण तो सगळ्यात आधी सांभाळा. डीव्हीआरवर जुन्या चित्रणाच्या जागी नवं चढत जातं, त्यामुळे टिपणीचा मसुदा व्हायच्या आधी ती क्लिप वेगळी काढून ठेवायला सांगा. त्याच वेळी डीव्हीआरचं घड्याळ आणि एटीएमचं घड्याळ शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत काही मिनिटांचा फरक बहुधा निघतोच. तो टिपणीत नोंदवला नाही, तर वरच्या कार्यालयाला वाटेल की क्लिप दुसऱ्याच कुणाची आहे.

आपल्या उदाहरणात कागद असं सांगतात. व्यवहार 3 मार्च 2025 ला 19:42 वाजता, रक्कम ₹10,000. तक्रार सिस्टिममध्ये 5 मार्चची आहे. कॅश बॅलन्सिंग 7 मार्चला झालं आणि त्यात मशीनच्या काउंटरपेक्षा ₹10,000 जास्त निघाले. कार्ड सेलने 11 मार्चला दावा फेटाळला. ग्राहकाचा लेखी अर्ज 12 मार्चचा आहे.

तपासा: चॅटमध्ये क्लार्क म्हणते 'तेव्हाच कंप्लेंट टाकली'. आजोबांच्या अर्जात लिहिलंय की ते 4 तारखेला शाखेत आले होते, सिस्टिम मात्र 5 तारीख दाखवते. हा एक दिवसाचा फरक चॅट वाचून कधीच कळला नसता.

टप्पा 2: चॅटचं एकेक वाक्य सोडवा

चॅटची प्रिंट काढा, किंवा कागदावर उतरवा, आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच गोष्ट लिहा: हे शाखेने स्वतः पाहिलं, ग्राहकाने सांगितलं, की आपल्याला वाटलं? चौथा खण टाकून देण्याच्या गोष्टींचा. या टप्प्याला घाई करू नका, टिपणीची खरी मेहनत इथे असते.

'दहा हजार निघालेच नाहीत' हे ग्राहकाचं म्हणणं आहे. टिपणीत ते 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार' असंच जाईल. शाखेने ते स्वतःच्या तोंडून सांगितलं की वरच्या कार्यालयाला शाखा ग्राहकाची वकिली करते आहे असं वाटतं, आणि मग पुढचे पक्के पुरावेही संशयाने वाचले जातात.

'मशीनमध्ये कॅश जास्त आली होती' हे शाखेने पाहिलेलं आहे आणि त्याला सह्यांचा कागद आहे. प्रकरणातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच, आणि चॅटमध्ये ते प्रश्नचिन्ह लावून तिसऱ्या ओळीत पडलेलं आहे.

'मला वाटतं तेच पैसे आहेत' हा तर्क. तो टाकून द्यायचा नाही, सिद्ध करायचा. जास्तीची रोकड याच व्यवहाराची आहे असं म्हणायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. जास्तीची रक्कम वादातल्या रकमेइतकीच आहे. रोकड भरल्यापासून मोजेपर्यंतच्या काळात, इथे 28 फेब्रुवारी ते 7 मार्च, ईजेमध्ये नोटा न निघाल्याचा एरर याच एका व्यवहाराला आहे. आणि त्या काळातल्या व्यवहारांवर दुसऱ्या कोणाचाही दावा आलेला नाही. तिसरी गोष्ट बहुतेक शाखा विसरतात. दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाने त्याच मशीनवर पैसे काढले असतील तर त्याचा दावा त्याच्या बँकेमार्फत येतो आणि तो शाखेला दिसतोच असं नाही. म्हणून कार्ड सेलला किंवा एटीएम रिकन्सिलिएशन पाहणाऱ्यांना विचारून त्यांचं उत्तर टिपणीला जोडा.

'सीसीटीव्हीत दिसतंय, काहीच नाही आलं' हे वाक्य फसवं आहे. क्लिप स्वतः पाहा. केबिनमधला कॅमेरा बहुतेक वेळा वरून असतो, नोटा येण्याची फट ग्राहकाच्या हाताआड जाते. आपल्या क्लिपमध्ये एवढंच दिसतं: ग्राहक फटीपाशी हात नेतो, वाकून पाहतो, पुन्हा हात नेतो, पावती घेतो आणि हातात नोटा न दिसता बाहेर पडतो. तेवढंच लिहा. 'नोटा आल्या नाहीत' असं लिहिलंत आणि कोणी म्हणालं की फट दिसतच नाही, तर बाकीची टिपणीही दुबळी पडते.

'आजोबा साधे आहेत', 'मुलगा आवाज चढवून बोलत होता' हे दोन्ही काढा. ग्राहक भला आहे म्हणून पैसे मिळत नाहीत आणि मुलगा रागावला म्हणून थांबत नाहीत. शिवाय ही टिपणी उद्या लोकपालापुढे जाऊ शकते, तिथे ग्राहकाच्या स्वभावावरचं एक वाक्यही बँकेला अडचणीचं ठरतं.

'लोकपालकडे जातो म्हणाला' ही धमकी म्हणून काढा, वस्तुस्थिती म्हणून ठेवा. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर ग्राहक लोकपालाकडे जाऊ शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तक्रार फेटाळली गेली आणि ते उत्तर त्याला मान्य नसेल, तरीही तो जाऊ शकतो, तेव्हा 30 दिवस थांबायची गरज नसते. इथे दावा 11 मार्चलाच फेटाळलेला आहे. म्हणजे 'अजून वेळ आहे' हा शाखेचा समज चुकीचा आहे आणि हे वरच्या कार्यालयाला कळायला हवं.

टप्पा 3: कार्ड सेल का नाही म्हणाला ते समजून घ्या

हे न समजता टिपणी लिहिली तर ती फक्त 'कृपया पुनर्विचार व्हावा' अशी विनंती होते आणि त्याच उत्तरासह परत येते.

कार्ड सेलपुढे स्विचची नोंद असते. तिथे रिस्पॉन्स कोड 00 दिसला की व्यवहार यशस्वी. पण 00 चा अर्थ एवढाच की बँकेने रक्कम मंजूर केली आणि मशीनला तसा संदेश गेला. नोटा फटीतून बाहेर आल्या की नाही, हे मशीनच्या पोटातलं काम आहे आणि त्याची नोंद ईजेमध्ये असते. नोटा मोजल्या गेल्या, वाटेत अडकल्या आणि मशीनने त्या रिजेक्ट बिनमध्ये टाकल्या, असं झालं तर मशीनने तसा उलट संदेश पाठवायला हवा. तो गेला नाही किंवा पोचला नाही, की स्विच 'यशस्वी'च दाखवत राहतो.

म्हणजे तुमच्या टिपणीचा मुद्दा एका ओळीत मावतो: स्विच यशस्वी म्हणतो, ईजेमध्ये एरर आहे, आणि रोकड तेवढीच जास्त निघाली आहे. ईजेमधल्या शब्दांची पद्धत मशीनच्या कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून ती ओळ आहे तशीच उतरवा आणि पुढे साध्या भाषेत अर्थ द्या. स्वतःच्या शब्दांत सांगून मूळ ओळ गाळू नका.

टप्पा 4: तारखा एका रांगेत, आणि दिवस मोजून

चॅटमधलं 'होळीच्या आधी', 'तेव्हाच', 'परवा' यातलं काहीही टिपणीत चालत नाही. प्रत्येक घटनेला पूर्ण तारीख द्या, वर्षासकट.

त्यानंतर दिवस मोजा. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण एटीएममधून रोकड आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत बँकेने ती आपणहून परत करायची असते. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाई. भरपाईही आपणहून जमा करायची असते, ग्राहकाने मागायची वाट पाहायची नाही.

सावधान: हे दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नव्हेत. 3 मार्चनंतरचा पाचवा दिवस 8 मार्च, आणि तो दुसरा शनिवार होता. बँक बंद होती तरी मुदत तिथेच संपली. धुळवडीची सुट्टी, रविवार, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीची इथली स्थानिक सुट्टी, यातलं काहीही वजा होत नाही. 20 मार्चला रक्कम जमा झाली तर उशीर 12 दिवसांचा, भरपाई ₹1,200. पुढचा प्रत्येक दिवस ₹100 ने वाढेल.

टप्पा 5: आधी मागणी लिहा

क्षेत्रीय कार्यालयातला अधिकारी पहिल्या परिच्छेदात एकच गोष्ट शोधतो: माझ्याकडून काय हवंय? बहुतेक टिपण्यांत ती शेवटच्या ओळीत असते, तीही 'योग्य ती कार्यवाही व्हावी' अशी. योग्य ती म्हणजे कोणती? कोणी, कधीपर्यंत?

या प्रकरणात मागण्या तीन आहेत. कार्ड सेलला दावा पुन्हा उघडण्याची सूचना. जास्तीच्या रोकडीतून ₹10,000 ग्राहकाच्या खात्यात वळवण्याची मंजुरी. आणि भरपाई जमा करण्याची मंजुरी. यातलं काही तुमच्या बँकेत शाखेच्याच अधिकारात येत असेल, तर ते वर मागू नका, करून टाका आणि केल्याचं लिहा.

टप्पा 6: शाखेची चूक गाळू नका

इथे हात थांबतो, ते स्वाभाविक आहे. ग्राहक 4 तारखेला आला, नोंद 5 तारखेला झाली. त्याहून मोठं म्हणजे 7 तारखेला जास्तीची रोकड हाती आली, पण ते शाखेने कार्ड सेलला कळवलं नाही, आणि कार्ड सेलने ते न कळताच 11 तारखेला दावा फेटाळला. चॅटमध्ये याचा उल्लेख नाही, आणि टिपणीत तो घालू नये असंच सगळ्यांना वाटेल.

घालायलाच हवा. बॅलन्सिंग रिपोर्टवर तारीख छापलेली आहे, वरचा अधिकारी ती पाहणारच. तुम्ही स्वतः सांगितलंत तर ते दोन ओळींत संपतं. त्याने शोधलं तर प्रकरण ग्राहकाच्या पैशांवरून घसरून शाखेच्या चौकशीवर जातं आणि आजोबांचे पैसे आणखी लांबतात. मात्र कोणा एकाचं नाव घेऊन दोष टाकू नका. 'शाखेकडून कळवलं गेलं नाही' एवढं पुरे. क्लार्कने विश्वासाने लिहिलेलं चॅट तिच्यावरच उलटलं, तर पुढच्या वेळी ती काहीच लिहिणार नाही.

टप्पा 7: पूर्ण टिपणी

> विषय: एटीएममधून रोकड न मिळाल्याची तक्रार, ₹10,000, कार्ड सेलने फेटाळलेला दावा पुन्हा उघडण्याबाबत
>
> दिनांक: 20.03.2025
>
> मागणी: (क) खालील व्यवहाराचा दावा पुन्हा तपासण्याची सूचना कार्ड सेलला द्यावी. (ख) 07.03.2025 रोजी जास्तीची म्हणून जमा केलेली ₹10,000 ही रक्कम ग्राहकाच्या खात्यात वळवण्यास मंजुरी द्यावी. (ग) मुदतीनंतरच्या उशिराची भरपाई जमा करण्यास मंजुरी द्यावी. आज रक्कम जमा झाल्यास भरपाई ₹1,200 होते, पुढे रोज ₹100 वाढेल.
>
> व्यवहार: 03.03.2025, वेळ 19:42, शाखेतील एटीएम, खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक व आरआरएन सोबतच्या परिशिष्टात.
>
> ग्राहकाचे म्हणणे: रोकड मिळाली नाही, खात्यातून रक्कम वजा झाली. ग्राहक 04.03.2025 रोजी शाखेत आले होते. (जोडपत्र 1)
>
> शाखेने तपासलेले: ईजे लॉगमध्ये या व्यवहाराला नोटा देताना एरर नोंदला आहे. (जोडपत्र 2) 28.02.2025 ते 07.03.2025 या काळातील बॅलन्सिंगमध्ये ₹10,000 जास्त निघाले, ते त्याच दिवशी जास्तीच्या रोकडीच्या खात्यात जमा केले. (जोडपत्र 3) या काळात ईजेमध्ये असा दुसरा एरर नाही, तसेच दुसरा दावा प्रलंबित नसल्याचे रिकन्सिलिएशन विभागाने कळवले आहे. (जोडपत्र 4) सीसीटीव्हीमध्ये ग्राहक दोनदा फटीपाशी हात नेऊन, हातात नोटा न दिसता बाहेर जाताना दिसतात, फट स्वतः चित्रणात दिसत नाही. डीव्हीआरचे घड्याळ एटीएमच्या 6 मिनिटे पुढे आहे. क्लिप वेगळी जतन केली आहे.
>
> फेटाळण्याचे कारण: कार्ड सेलने 11.03.2025 रोजी स्विचच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी असल्याचे कळवले. (जोडपत्र 5) जास्तीच्या रोकडीची माहिती तोपर्यंत शाखेकडून कार्ड सेलला कळवली गेली नव्हती. तक्रारही 05.03.2025 रोजी, म्हणजे एक दिवस उशिरा नोंदली गेली.
>
> सद्यस्थिती: ग्राहकाने 12.03.2025 रोजी लेखी अर्ज दिला असून 18.03.2025 रोजी लोकपालाकडे जाण्याचा मनोदय सांगितला आहे. दावा फेटाळला गेल्याने ते आताच तसे करू शकतात.

एका पानात बसतं. याहून लांब झाली तर बहुधा भांडणाचं वर्णन किंवा नियमांचा उतारा आत शिरलेला असतो.

टप्पा 8: पाठवण्याआधीचे दोन हात

पहिला हात क्लार्कचा. तिला टिपणी वाचायला द्या आणि एवढंच विचारा: 'यातलं असं काही आहे का, जे तू पाहिलेलं नाहीस किंवा असं घडलं नाही?' शाखेच्या काउंटरवर प्रसंग तिने पाहिला आहे, तुम्ही नाही. सुधारून लिहिताना एखादं 'बहुधा' गळून पडतं आणि तर्क वस्तुस्थिती होऊन बसतो. ते तिलाच पटकन दिसतं.

दुसरा हात प्रत्येक वाक्याचा. वाक्यापुढे जोडपत्राचा आकडा आहे का? नसेल तर ते 'ग्राहकाचे म्हणणे' या सदरात आहे का? दोन्ही नसेल तर ते वाक्य काढा.

सावधान: चॅटचा स्क्रीनशॉट जोडपत्र म्हणून लावू नका. त्यात क्लार्कची मतं आहेत, आणि बऱ्याचदा पासबुकाचा किंवा कार्डाचा फोटोही असतो. कार्डाचा पूर्ण क्रमांक टिपणीत कुठेही नको. ग्राहकाचे कागद व्हॉट्सॲपवर आलेले असतील तर ते बँकेच्या मेलवर घेऊन फोनवरून काढून टाकायला सांगा.

टिपणी बँकेच्या अधिकृत मेलने किंवा तक्रार प्रणालीतून पाठवा आणि मूळ तक्रार क्रमांक विषयात ठेवा, म्हणजे नवीन तक्रार म्हणून ती दुसऱ्या रांगेत जाणार नाही. त्याच दिवशी ग्राहकाला लेखी कळवा की प्रकरण पुन्हा तपासायला पाठवलं आहे. रक्कम मिळेलच असं लिहू नका, मंजुरी अजून आलेली नाही. आणि क्लार्कला फोन करून सांगा, कारण गेरच्या दुसऱ्या दिवशी आजोबा काउंटरवर येतील तेव्हा उत्तर तिलाच द्यायचं आहे.